मऊ झालंय, पण झालं नाही अजून

महाशिवरात्रीच्या आदल्या संध्याकाळी आत्या कराडकडून आमच्याकडे पुण्याला आली होती, येताना पिशवीभर रताळी घेऊन, लाल सालीची, अजून माती चिकटलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती धुऊन ओटीजीमध्ये लावली, दोनशे डिग्रीवर, आणि पाऊण तासाने एकात सुरी खुपसून पाहिली तर ती लोण्यात जावी तशी आत गेली. म्हटलं झालं. ट्रे बाहेर काढून ओट्यावर ठेवला. आत्या तिथेच दाण्याचं कूट करत बसलेली, तिने पदर हातावर घेतला, मधलं एक रताळं उचललं, हलकेच दाबलं, कानाशी धरल्यासारखं जवळ नेलं, आणि परत ट्रेमध्ये ठेवत म्हणाली, "मऊ झालंय रे, पण झालं नाही अजून. ठेव परत." मी म्हटलं अगं आत्या सुरी गेली ना आरपार. तर म्हणाली, "सुरीला काय कळतंय, दाबून बघ की, दाबलं की परत फुगतंय." आणि खरंच, बोटाने दाबलेला खड्डा हळूहळू भरून येत होता. वीस मिनिटं अजून ठेवलं. मग जे निघालं ते वेगळंच प्रकरण होतं. साल आतल्या गरापासून सुटून सैल झालेली, टोकाशी काळसर चिकट पाक येऊन वाळलेला, दाबलं की दाबलेलं तसंच राहत होतं, आणि चव तर विचारूच नका, त्याच पिशवीतलं, त्याच शेतातलं रताळं पण आधी काढलेल्या तुकड्यापेक्षा गोड, घट्ट, भाजल्याचा वास असलेलं.

मऊ होणं आणि होणं यात फरक आहे हे तिने इतक्या सहज सांगितलं की ते माझ्या डोक्यातून जाईना.

तिला ते माहीत असणारच म्हणा. तिचं लहानपण चुलीपाशी गेलेलं. रात्रीचा स्वयंपाक आटपला की चुलीतली लाकडं बाहेर ओढायची, निखारे बाजूला सारायचे, आणि खालच्या गरम राखेत, फुफाट्यात, रताळी पुरून ठेवायची, वरून परत राख आणि त्यावर थोडे निखारे. मग सगळी जेवणार, भांडी घासली जाणार, कुणीतरी गप्पा मारणार, आणि तासा-दीड तासाने कधीतरी आजी चिमट्याने एकेक रताळं बाहेर काढून राख झटकणार. मी ते लहानपणी सुट्टीत पाहिलेलं आहे, मला आठवतो तो सगळ्यात जास्त वास, ओल्या मातीचा आणि जळक्या साखरेचा एकत्र, आणि हाताला लागणारी ती करडी राख जी जिभेवर पण थोडी यायचीच. त्या रताळ्याच्या गोडीबद्दल घरात सगळेच बोलतात आणि सगळे म्हणतात की ती चुलीची चव, ती काय ओव्हनला येणार. मला पण बरीच वर्षं तसंच वाटायचं. आता वाटत नाही. धुराचा वास ओव्हनला येत नाही हे खरं, पण गोडी ही धुराची नसते, ती वेळेची असते, आणि वेळ ओव्हनमध्येही देता येतो.

हे जरा नीट सांगतो कारण सगळी गंमत इथेच आहे. कच्चं रताळं चावून बघितलंत तर ते थोडंसंच गोड लागतं, बराचसा पिठूळ स्टार्चच असतो. पण रताळ्यात एक एन्झाइम असतं, बीटा अमायलेज, आणि भरपूर असतं. रताळं तापायला लागलं की साधारण साठ डिग्रीच्या पुढे आतला स्टार्च फुगायला लागतो, आणि फुगलेल्या स्टार्चवर हे एन्झाइम तुटून पडतं आणि त्याची माल्टोज नावाची साखर करत जातं. हे चालू राहतं साधारण ऐंशी डिग्रीपर्यंत, त्याच्या वर एन्झाइम स्वतःच निकामी होतं आणि साखर बनणं थांबतं. म्हणजे रताळ्याचा गर साठ ते ऐंशी या पट्ट्यात जितका जास्त वेळ राहील तितकं ते गोड होणार. फुफाट्यात काय होतं? राख उष्णता हळूहळू सोडते, रताळं सावकाश तापतं, त्या पट्ट्यातून रेंगाळत जातं. मायक्रोवेव्हमध्ये काय होतं? पाच-सात मिनिटांत आतलं सगळं शंभरच्या जवळ, पट्टा आला कधी गेला कधी एन्झाइमला कळलंच नाही. म्हणून मायक्रोवेव्हमधलं रताळं मऊ असतं पण बेचव लागतं, आणि कुकरमधलंही त्याच जातीचं, वर पुन्हा त्यात पाणी शिरलेलं. एकाच पिशवीतली दोन रताळी घ्या, एक मायक्रोवेव्हला आणि एक ओव्हनला लावा आणि घरातल्या कुणालाही डोळे मिटून खायला द्या, सांगायला लागणार नाही कुठलं कुठलं आहे.

पण मग आत्याने ते परत ठेवायला का सांगितलं? साखर तर तोवर बनून झालेली होती, रताळं मऊ झालं म्हणजे आत ऐंशीच्या बरंच वर गेलेलं असतं. तर त्या शेवटच्या वीस मिनिटांत साखर बनत नाही, ती दाट होते. गरातलं पाणी वाफ होऊन जात राहतं, गर आकसतो, सालीपासून सुटतो, आणि जी साखर पाण्यात विरघळून पसरलेली होती ती एकवटून पाक होतो. तोच टोकाशी आणि भोकांमधून बाहेर येऊन काळसर होतो. सालीलगतचा गर तपकिरी होतो आणि तिथेच तो भाजका वास तयार होतो. शिवाय गराचा सगळा ताठपणा गेलेला असतो, म्हणून दाबलं की परत फुगत नाही. म्हणजे आत्याचं बोट जे ओळखत होतं ते हेच.

आता ओव्हनचं. मी जे करतो ते असं. रताळी धुवायची, ब्रशने किंवा काथ्याने माती काढायची, आणि पुसून कोरडी करायची, ओली ठेवली तर पहिला बराच वेळ ओव्हन ते पाणी वाळवण्यातच घालवतो. साल काढायची नाही, टोकं पण छाटायची नाहीत. काट्याने चार-पाच भोकं पाडायची पण सगळी एकाच बाजूला, आणि ती बाजू वर ठेवायची, म्हणजे वाफेला वाट मिळते आणि पाक खाली गळून जात नाही. तेल वगैरे काही नाही. खाली ट्रेवर बटर पेपर, कारण कितीही केलं तरी थोडा पाक सांडतोच आणि तो ओटीजीच्या तळाच्या रॉडवर पडला की घरभर जळका वास आणि मग तो खरवडत बसा. रॅक मधला किंवा त्याच्या एक खालचा. ओटीजी लहान असतो, वरचा रॉड रताळ्याच्या अगदी डोक्यावर येतो, तिथे ठेवलं तर वरची साल कोळसा होते आणि आत अजून कच्चं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मी ओव्हन आधी तापवत नाही. गार ओव्हनमध्येच रताळी ठेवायची, एकशे तीसवर लावायचा, अर्धा तास तसंच, मग दोनशे. केक-बिस्किटांना प्रीहीट लागतं, इथे उलट आपल्याला सावकाश तापणंच हवंय. घाई असेल तर सरळ तापलेल्या दोनशेमध्ये घातलं तरी होतं, चांगलंही लागतं, फक्त गोडी थोडी कमी. आणि दोनशेच्या वर, सव्वादोनशे-अडीचशे, मला नाही पटत, साल करपते आणि आतल्या गराला काही वेळ मिळत नाही.

एक लक्षात ठेवा, डायलवर दोनशे म्हणजे आत दोनशे असेलच असं नाही. आमच्या ओटीजीत छोटा ओव्हन थर्मामीटर लटकवला तर डायल दोनशेवर असताना तो एकशे ऐंशी-पंच्याऐंशी दाखवतो, मग मी डायल थोडी पुढे ठेवतो. फॅनवाला कन्व्हेक्शन मोड असेल तर उलट, पंधरा-वीस डिग्री कमी लावायचं कारण फिरती हवा जास्त भाजते. इथे दिलेल्या वेळा बिनफॅनच्या ओव्हनच्या, आणि आत खरोखर दोनशे असताना.

वेळ किती हा प्रश्न मला सगळे विचारतात आणि सगळे वजन सांगून विचारतात. पाव किलोचं आहे, किती वेळ? तर वजनाने नाही कळत. उष्णता बाहेरून आत जाते, तिला मधोमध पोचायचंय, म्हणून जाडी महत्त्वाची, लांबी नाही. वीतभर लांब पण सडपातळ रताळं आणि आखूड गोलमटोल रताळं, वजन सारखंच, पण दुसऱ्याला कितीतरी जास्त वेळ लागतो. आणि जाडी वाढली की वेळ त्याच पटीत वाढत नाही, त्याहून जास्त वाढतो, जाडी दीडपट झाली की वेळ जवळजवळ दुप्पट होतो, थोडा इकडेतिकडे. जाडी मोजायला मी पोटाभोवती दोरा गुंडाळतो आणि पट्टीवर धरून तीनने भागतो, तेवढं पुरतं.

त्या पिशवीतल्या रताळ्यांचंच उदाहरण देतो कारण त्यात सगळे आकार होते. दुसऱ्या घाण्याला मी सहा निवडली. दोन बारकी, साडेतीन सेंटीमीटर जाड, सव्वाशे ग्रॅमच्या आतली. तीन मध्यम, पाच सेंटीमीटर, सव्वादोनशे-अडीचशे ग्रॅम. आणि एक दांडगं, सात सेंटीमीटर जाड, पावणेपाचशे ग्रॅमच्या आसपास. सगळी एकदम गार ओव्हनमध्ये, एकशे तीसवर अर्धा तास, मग दोनशे. दोनशे केल्यावर पंचवीस मिनिटांनी बारकी झाली, तीच काढली. मध्यम तेव्हा दाबली तर अजून कडक, पंचेचाळीस-पन्नास मिनिटांनी ती झाली. आणि दांडगं तसंच आत. त्याला दोनशे केल्यापासून सव्वा तास लागला, वर अजून पाच मिनिटं. सरळ तापलेल्या दोनशेमध्ये घातली असती तर बारकी पस्तीस-चाळीस मिनिटं, मध्यम पंचावन्न मिनिटं ते एक तास, आणि दांडगं जवळपास दीड तास, असा माझा अंदाज असतो आणि तो बहुतेक वेळा जमतो. हे आकडे घट्ट धरू नका, रताळं किती जुनं आहे, किती पाणीदार आहे, ट्रे किती भरलाय यावर दहा-पंधरा मिनिटं मागेपुढे होतंच. म्हणून शक्यतो एका ट्रेमध्ये एकाच जाडीची लावावीत. मंडईत निवडताना पण मी आता तेच बघतो, सरळ, सारख्या जाडीची, पोट फुगलेली आणि टोकं उंदराच्या शेपटीसारखी नकोत, कारण पोट शिजेपर्यंत शेपटीचा कोळसा झालेला असतो.

झालं का हे कसं बघायचं, यावर माझं मत आत्यामुळे पूर्ण बदललं. सुरीची टेस्ट चुकीची नाही पण ती फक्त पहिला टप्पा सांगते. पातळ सुरी किंवा विणकामाची सुई घ्या, सगळ्यात जाड जागी घाला, टोकाला नाही, टोक कायम आधी शिजतं आणि फसवतं. सुई आत जाताना मधोमध कुठेतरी जर किंचित अडली, म्हणजे मऊ-मऊ-अडली-मऊ असं झालं, तर मधला भाग अजून कच्चा आहे. कुठेच अडली नाही की मऊ झालं. इथून पुढे आत्याची टेस्ट. जाड कापड हातात घेऊन चार बोटांनी आणि अंगठ्याने मधोमध दाबायचं. परत फुगलं तर ठेवा. खड्डा तसाच राहिला, साल हाताखाली गरावरून सरकली, आणि कुठूनतरी पाकाचा बुडबुडा बाहेर आला की झालं. ती कानाशी का नेत होती ते मी नंतर विचारलं. "आवाज येतो रे, आत चरचरतंय का बघायचं." मी पण नेऊन पाहिलं, झालेल्या रताळ्यात पाक उकळल्याचा बारीक आवाज येतो खरा, आणि परत ठेवायला लावलेलं जे होतं ते त्या वेळी गप्प होतं. ज्यांच्याकडे सुईवाला थर्मामीटर आहे त्यांच्यासाठी सांगतो, सुरी सहज जाते तेव्हा मधोमध साधारण नव्वदच्या पुढे असतं, आणि आत्या ज्याला झालं म्हणते तेव्हा सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव. शंभराच्या वर ते जात नाही, आत पाणी आहे तोवर जाणारच नाही, त्यामुळे शेवटी आकडा जागेवरच थांबतो आणि बोटावरच विश्वास ठेवावा लागतो.

त्याच दिवशी अजून एक झालं. आमच्या शेजारच्या काकू त्यांची दोन रताळी घेऊन आल्या, म्हणाल्या तुमचा ओव्हन चालू आहेच तर ह्यांचंही बघा. चांगली दिसत होती, जाडी पण साडेचार-पाच. मध्यमवाल्यांबरोबर लावली. मध्यम झाली, ह्यांची नाहीत. अजून वीस मिनिटं, तरी नाहीत. अजून अर्धा तास. बाहेरचा गर मऊ, पण मधोमध एक भाग असा की सुई टोचावी तर लाकडात टोचल्यासारखी. आत्याने उचलून बघितलं आणि काकूंना विचारलं, "फ्रीजात ठेवली होती का हो?" काकू म्हणाल्या हो, दोन आठवडे झाले असतील, खराब होऊ नये म्हणून. आत्याला कारण माहीत नव्हतं, पण फ्रीजातलं रताळं शिजत नाही एवढं माहीत होतं. कारण असं की रताळं हे उष्ण प्रदेशातलं कंद आहे, त्याला थंडी सोसत नाही. बारा-तेरा डिग्रीच्या खाली बरेच दिवस राहिलं की आतल्या पेशींना इजा होते, आणि मग तो भाग कितीही भाजा, कितीही उकडा, कडकच राहतो. बाहेरून काही कळत नाही, कच्चं असताना कापून पाहिलं तरी बहुतेक वेळा कळत नाही, भाजल्यावरच कळतं. म्हणजे तुमचं रताळं मऊ होतच नसेल तर वेळ वाढवत बसण्याआधी ते कुठे ठेवलेलं होतं ते आठवा. रताळी टोपलीत, हवेशीर, अंधाऱ्या जागी ठेवायची, बस्. काकूंची दोन्ही मग बाहेरून-बाहेरून कोरून खीर केली, मधला भाग टाकून दिला.

बटाट्याचं मात्र सगळं वेगळं आहे.

मला आधी वाटायचं दोन्ही कंदच, दोन्ही पिठूळ, एकाच हिशोबाने जमेल. पण बटाट्यात ते गोड करणारं एन्झाइम त्या प्रमाणात नाही, त्यामुळे त्याला साठ-ऐंशीच्या पट्ट्यात रेंगाळवून काही मिळत नाही. बटाट्याकडून आपल्याला गोडी नकोच आहे, मोकळेपणा हवाय, फोडला की भाकरीचा पापुद्रा सुटावा तसा सुटा, कोरडा, पांढरा गर हवाय. त्यासाठी स्टार्चचे कण पूर्ण फुगायला हवेत आणि जादाचं पाणी बाहेर जायला हवं. म्हणून बटाटा सरळ तापलेल्या ओव्हनमध्ये, दोनशेवर, कोरडा करून, चारही बाजूंनी भोकं पाडून, आणि जमलं तर ट्रेवर नाही, थेट जाळीवर, म्हणजे खालूनही हवा लागते आणि खालची साल ओली राहत नाही. लहान, शंभर ग्रॅमच्या आसपासचा, चाळीस मिनिटं. दीडशे ते पावणेदोनशे ग्रॅमचा, म्हणजे मुठीत बसणारा, पन्नास-पंचावन्न. अडीचशेचा सव्वा तासाला थोडा कमी. बटाटे साधारण गोलच असतात म्हणून इथे वजन चालून जातं. तेल लावायचं असेल तर सुरुवातीला नको, साल चिवट होते. शेवटची दहा मिनिटं राहिली की बाहेर काढून तेल किंवा तूप चोळून वर जाडं मीठ लावून परत आत, साल कुरकुरीत होते. उपवासाला सैंधव.

बटाटा कुठला घेताय यावर निम्मं ठरतं. पातळ सालीचा, ओलसर, नवा बटाटा भाजला तर मेणचट होतो, त्याची भाजी करा. थोडा जुना, जाड आणि खरबरीत सालीचा, कापला की सुरीला पांढरा स्टार्च चिकटतो असा बटाटा भाजायला. आमच्या भाजीवाल्याकडे बटाट्याचे दोन ढीग असतात आणि मी त्याला सरळ सांगतो की भाजायला हवेत, उकडून सुटे होणारे दे, तो बरोबर देतो. वेफर्सवाले वापरतात त्या जातीचे, कुफरी चिपसोना वगैरे, मिळाले तर उत्तम, त्यात कोरडा भाग जास्त असतो. आणि हो, बटाटा पण फ्रीजात नको, पण कारण निराळं. बटाटा थंडीत कडक होत नाही, त्यातल्या स्टार्चची साखर व्हायला लागते, मग भाजल्यावर नको तिथे गोडसर लागतो आणि कडेने नको तितका काळपट होतो.

आणि बटाट्याची टेस्ट सुद्धा वेगळी. इथे खड्डा वगैरे राहत नाही. कापडात धरून दाबला की आत काहीतरी फुटल्यासारखा, गर तुटल्यासारखा जाणवतो आणि साल कुरकुरते, म्हणजे झाला. थर्मामीटर असेल तर शहाण्णव ते अठ्ठ्याण्णव. त्याच्या खाली काढला तर मधोमध चिकट, जड राहतो. पण खरी घाई इथून पुढे असते. रताळं बाहेर काढून दहा मिनिटं तसंच झाकून ठेवलं तर अजून चांगलं होतं, पाक गरात परत जिरतो. बटाटा तसा ठेवला तर वाया गेला. आतली वाफ सालीला आतून ओलं करते आणि परत गरात जिरते, आणि जो सुटा गर तुम्ही तासभर खपून मिळवला तो पाच-दहा मिनिटांत गच्च होतो. म्हणून ओव्हनमधून काढला की लगेच मधोमध चीर द्यायची आणि दोन्ही टोकांनी आत दाबायचं, तोंड उघडून वाफ भसकन बाहेर आली पाहिजे. हात भाजतो, कापड घ्या.

बरेच जण दोन्ही गोष्टी फॉइलमध्ये गुंडाळून लावतात आणि मला ते बघवत नाही. हॉटेलात पाहिलेलं असतं म्हणून. फॉइलमध्ये वाफ कोंडते, म्हणजे तुम्ही तास-दीड तास वीज जाळून उकडलेला बटाटा मिळवलात, साल मऊ, गर ओला, भाजल्याचा वास नाही. हॉटेलवाले गुंडाळतात ते गरम राहावा म्हणून. आणि यात चवीच्या पलीकडची एक गोष्ट आहे जी ठाऊक असावी. फॉइलमध्ये भाजलेला बटाटा तसाच गुंडाळलेला ओट्यावर रात्रभर ठेवायचा नाही, कधीच नाही. बोट्युलिझम करणाऱ्या जंतूंचे बीजाणू मातीतून सालीवर आलेले असतात, ते भाजण्यात मरत नाहीत, आणि फॉइलच्या आत हवा नाही, ओलावा आहे, कोमट आहे, त्यांना हवं ते सगळं आहे. 1994 साली अमेरिकेत टेक्सासमधल्या एल पासोला एका रेस्टॉरंटमध्ये असे फॉइलमधले भाजलेले बटाटे बाहेर ठेवून नंतर त्यांचं डिप केलं होतं, त्यातून तीस लोकांना बोट्युलिझम झाला. उरलेला बटाटा असेल तर फॉइल काढून, उघडा करून, गार झाला की लगेच फ्रीजात. कच्चा नको म्हटलं ते कच्च्याचं, भाजलेला ठेवायचाच. रताळ्यालाही तेच, आणि भाजलेलं रताळं दुसऱ्या दिवशी फ्रीजातून काढून तसंच गार खाल्लं तर ते घट्ट बर्फीसारखं लागतं, आमच्या मुलीला गरमपेक्षा तेच आवडतं.

जाती बदलल्या की अंदाज पण बदलावे लागतात. आपली नेहमीची लाल सालीची, आत पांढरट-पिवळी, ती कोरड्या गराची, भाजल्यावर भरीव लागते, तिला वरून तूप हवंच. नारिंगी गराची आता शहरात सहज मिळते, ती पाणीदार असते, मऊ लवकर होते पण आत्याच्या टप्प्याला यायला जास्त वेळ घेते कारण घालवायचं पाणीच जास्त असतं, आणि पाक इतका सोडते की बटर पेपरशिवाय लावूच नका. आत्याला नारिंगी दिली तर एक घास खाऊन म्हणाली गाजर आहे हे. मला आवडते. पण उपवासाला तिच्यासाठी लालच.

आता पुढच्या एकादशीला आत्या परत येणार आहे आणि घरात दोन तट आहेत, निम्म्यांना रताळं हवं, निम्म्यांना बटाटा, आणि ओव्हन एकच. त्याचा हिशोब मी करून ठेवलाय आणि मागे जमलाही होता. जेवण साडेबाराला धरलं तर अकरा वाजता पाच सेंटीमीटरची रताळी गार ओव्हनमध्ये, एकशे तीसवर. साडेअकराला डायल दोनशेवर, आणि त्याच वेळी दीडशे-पावणेदोनशे ग्रॅमचे बटाटे जाळीवर, वरच्या बाजूला, रताळ्यांचा ट्रे त्यांच्या खाली. बारा वीसला रताळी दाबून बघायची आणि झालेली काढून झाकून ठेवायची, तेव्हाच बटाट्यांना तूप-मीठ. ओव्हन मध्येच उघडतो, दोन्ही एकदम भरलेलं असतं, त्यामुळे बटाट्यांना पाच-सात मिनिटं जास्तच धरायची. साडेबाराला सगळे पाटावर बसले की मगच बटाटे बाहेर आणि तिथेच, ताटातच, चीर द्यायची. रताळ्यांवर तूप, दाण्याचं कूट, हवं तर चिमूटभर जिरेपूड, आणि आत्यासाठी एक वाटी गार दूध, तिला गरम रताळं त्यात कुस्करून लागतं.